घुमणाऱ्या सभागृहासाठी संहिता कशी बदलावी?

अबोली
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका गावात आमची हौशी नाट्यमंडळी आहे. मी लिहिलेलं दोन अंकी नाटक मागच्या वर्षी राजीव गांधी कला मंदिरात झालं, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला. तेच नाटक आता जत्रेला गावच्या देवळाच्या नव्या सभागृहात करायचं आहे. आधी इथे कौलारू मंडप होता, तीन बाजूंनी मोकळा. आता सभागृह बंदिस्त आहे: साधारण २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद, छत ८ मीटरवर, खाली संगमरवर, बाजूला सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या.

परवा तिथे पहिली तालीम केली. मी मागे दाराजवळ बसले होते. आवाज भरपूर येत होता, पण शब्द कळत नव्हते. मला सगळे संवाद पाठ आहेत म्हणून मी ते मनात भरून घेत होते; शेजारी झाडू मारायला आलेली बाय मात्र दहा मिनिटांनी म्हणाली, "भांडतात ते कळलं, कशावरून ते नाही कळलं."

नाटक खाजन शेतीवरचं आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवरचं. बांध, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मानशीच्या मासळीचा लिलाव, आणि त्यावरून गावात पडलेली फूट. पहिल्या अंकाच्या शेवटी म्हातारा आबा गावकऱ्यांना सुनावतो, ते वाक्य असं आहे:

"गेल्या चाळीस वर्षांत या बांधाला जेव्हा जेव्हा भगदाड पडलं, तेव्हा तेव्हा रात्री-अपरात्री उठून मातीच्या पाट्या वाहणारे हात आमचेच होते, हे आज मानशीचा लिलाव पुकारताना तुम्ही सोयीस्करपणे विसरलात, पण मी विसरलेलो नाही."

कला मंदिरात या वाक्याला टाळी पडली होती. इथे त्याचा नुसता घूं-घूं आवाज झाला. सभागृह बदलणं माझ्या हातात नाही, संहिता आहे. सावकाश बोला आणि वाक्यं लहान करा, एवढं सगळेच सांगतात. पण नेमकं काय तोडायचं, कुठे थांबायचं, किती थांबायचं? जत्रेला पाच आठवडे आहेत.

रंगपट
ताई, संहितेला हात लावायची गरज नाही. माईकची संख्या वाढवा आणि स्पीकर दोनाचे चार करा. आवाज मोठा झाला की शब्द आपोआप कळतात. आणि नटांना सांगा, प्रत्येक शब्द लांबवून म्हणा: "चाऽऽळीस वऽऽर्षं". आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही असंच करतो.

पेडणेचा_वारा
जत्रेचं नाटक तसंही फार लांबतं. माझं मत विचाराल तर सरळ दीड तासावर आणा. दुसऱ्या अंकातले दोन प्रवेश काढून टाका. पहाटे तीन वाजता लोकांना झोप येते हो.

अबोली
@पेडणेचा_वारा, वेळेचा प्रश्न नाहीये, शब्द कळत नाहीत हा प्रश्न आहे. प्रवेश काढले तरी उरलेले प्रवेश तसेच घुमणार.

तिसरी_घंटा
मी पंचवीस वर्षं गोव्यात नाटकांचं, भजनांचं आणि सभांचं साउंड करतो. रंगपट, तुमच्या दोन्ही सूचना या जागी उलट्या पडतील, म्हणून आधी त्यावरच लिहितो.

अशा सभागृहात तुम्ही एक शब्द बोललात की तो भिंती, फरशी, छत यांच्यावर आपटत राहतो आणि हळूहळू विरतो. संगमरवर आणि सिमेंट आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. अबोलीताई, पुढच्या वेळी एक मोठा फुगा घेऊन जा, रंगमंचावर फोडा आणि मागे बसून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. तुम्ही सांगितलेल्या मापांवरून रिकाम्या सभागृहात घुमारा, म्हणजे आवाज साठ डेसिबलनी उतरायला लागणारा वेळ, तीन सेकंदांच्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. म्हणजे एका सेकंदात तो सुमारे वीस डेसिबलनी खाली येतो. आता साधं बोलणं पाहा. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. एक अक्षर संपून दुसरं सुरू होईपर्यंत पहिलं जेमतेम चार-पाच डेसिबल उतरलेलं असतं. पहिल्याचा स्वर अजून हवेत आहे आणि दुसऱ्याचं व्यंजन त्याच्या खाली गाडलं जातं. स्वर दणकट असतात, व्यंजनं नाजूक. आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. म्हणून बायला भांडण कळलं, कारण कळलं नाही.

स्पीकरचा आवाज वाढवला की शब्द वाढतो आणि घुमाराही तेवढाच वाढतो. दोघांमधलं अंतर तिथल्या तिथेच. स्वर लांबवले तर त्याहून वाईट, कारण तुम्ही घुमाऱ्यालाच खाऊ घालता. "चाऽऽळीस" मधला "आ" जितका लांबेल तितका पुढचा "ळी" बुडेल. या जागी सावकाश बोलणं म्हणजे शब्द ताणणं नव्हे. शब्द आखूडच ठेवायचा, व्यंजन ठसठशीत उच्चारायचं आणि दोन तुकड्यांच्या मध्ये थांबायचं. सगळा संथपणा त्या थांबण्यात असतो.

थांबायचं किती, तर पाऊण ते एक सेकंद. तेवढ्यात मागचा घुमारा पंधरा-वीस डेसिबल खाली जातो आणि पुढच्या तुकड्याचा पहिला शब्द स्वच्छ ऐकू येतो. त्यानंतर पुन्हा भर पडत जाते. माझ्या कानाचा अनुभव असा, की अशा जागी चार, फार तर पाच शब्दांनंतर तुकडा गढूळ होतो. तुमचं वाक्य एकतीस शब्दांचं आहे.

रंगपट
शब्द लांबवू नये हे पटलं, आजवर तसा विचार केला नव्हता. पण स्पीकरचं पूर्ण पटलं नाही. आमच्या सभागृहात स्पीकर वाढवल्यावर मागच्यांना खरोखर नीट ऐकू आलं होतं.

तिसरी_घंटा
स्पीकर कुठे लावले होते? मागच्या लोकांच्या जवळ लावले असतील, तर तुमचंही बरोबर आहे. ऐकणारा आणि आवाजाचं उगमस्थान यांच्यातलं अंतर कमी झालं की सरळ येणारा शब्द घुमाऱ्याच्या वर राहतो. रंगमंचाशेजारी दोन मोठे ठेवून आवाज चढवणं वेगळं आणि मध्यावर खांबांना छोटे उभे स्पीकर लावून त्यांची तोंडं माणसांकडे वळवणं वेगळं. मधल्या स्पीकरचा आवाज थोडा उशिराने सोडावा लागतो. बारा मीटर अंतराला साधारण पस्तीस मिलिसेकंद. नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो. आणि मिक्सरवर खालचा खर्ज कापा. सिमेंटच्या जागेत खर्ज सर्वात जास्त वेळ रेंगाळतो.

जुना_नट
अबोली बाय, मी माईक नव्हते तेव्हापासून देवळांत नाटकं केली आहेत. तेव्हा मंडप मोकळे होते, आवाज बाहेर निघून जायचा. आमची अडचण उलटी होती, आवाज पुरायचा नाही. बंदिस्त सभागृहं आली तशी ही नवी पीडा आली.

एक गोष्ट मला दिसते ती सांगतो. मराठीत वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, "नाही" शेवटी. आणि नटाचा श्वासही नेमका शेवटीच संपतो. "पण मी विसरलेलो नाही" म्हणताना तुमच्या आबाचा "नाही" खाली पडत असणार. ज्या शब्दावर प्रवेश उभा आहे, तोच मातीत. आम्हाला मास्तर सांगायचे, शेवटचं अक्षर समोरच्या खांबावर ठेवून ये. सांगायला सोपं, पण तीस शब्दांनंतर तेवढा दम कोणाकडे उरतो?

मात्र एक विनंती. पल्लेदार वाक्याचे तुकडे करून त्याची खिचडी करू नका. आबा म्हातारा आहे, त्याच्या बोलण्याला ओघ हवा. तार केल्यासारखं बोलला तर तो आबा राहणार नाही.

अबोली
तिसरी_घंटा, जुना_नट, दोघांचेही मनापासून आभार. "नाही" चं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं निघालं. काल आबाचं काम करणाऱ्याला दोनदा म्हणायला लावलं, दोन्ही वेळा तो शब्द गळाला.

मी असा बदल करून पाहिला. एक रेघ म्हणजे मनात 'एक' म्हणेपर्यंत थांबायचं, दोन रेघा म्हणजे पूर्ण थांबायचं:

"चाळीस वर्षं! // बांध फुटला, की आम्ही धावलो. // रात्री. / अंधारात. // माती आम्ही वाहिली. // आज लिलाव पुकारता. // तुम्ही विसरलात. // नाही! / मी नाही विसरलो."

एकतीसचे एकवीस शब्द झाले. "नाही" पुढे आणला, एकदा एकटा आणि एकदा वाक्यात. "सोयीस्करपणे" गेला. "रात्री-अपरात्री" गेल्याचं वाईट वाटतं. पण जुना_नट म्हणतात तसं थोडं तारेसारखं झालंय हे मलाही जाणवतं.

जुना_नट
झालंय खरं. पायऱ्या करा, पण जिना एकच दिसू दे. मी असतो तर असं म्हटलं असतं:

"चाळीस वर्षं / बांध फुटत आला. // चाळीस वर्षं / आम्ही बांधत आलो. // आज / लिलाव पुकारता. // तुम्ही विसरलात. // नाही! / मी नाही विसरलो."

"चाळीस वर्षं" दुसऱ्यांदा आलं की ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. त्याचा कान मोकळा राहतो आणि पुढचा नवा शब्द तो पकडतो. ओव्यांत, आरत्यांत हेच असतं. साचा तोच, एक शब्द बदललेला.

तिसरी_घंटा
नाना, हे फार चांगलं सांगितलंत. साउंडच्या बाजूनेही अगदी बरोबर आहे. शब्द कानाने अर्धा ऐकायचा आणि अर्धा अंदाजाने भरायचा असतो. अंदाज सोपा केला की घुमाऱ्याचा त्रास कमी होतो.

ताई, "मानशीचा" शब्द तुम्ही काढलात तो चालेल, पण मग त्याआधी कुठेतरी, शांततेनंतरच्या पहिल्या तुकड्यात, "मानस" हा शब्द एकदा स्वच्छ यायला हवा. आमच्या गोव्यातल्या प्रेक्षकाला मानस माहीत आहे. एकदा नाव पडलं की पुढे "लिलाव" पुरेसा आहे.

आता संहितेत आणखी तीन गोष्टी तपासा. नावं, आकडे, आणि एकाच वेळी बोलणारी माणसं. नाटकात कोणाकोणाची नावं काय आहेत?

अबोली
आबा, त्याचा भाऊ आप्पा, मुलगी शेवंती, लिलाव पुकारणारा गुणाजी.

तिसरी_घंटा
आबा आणि आप्पा मागच्या रांगेत एकच आहेत. दोन्हींत "आ – आ" तेवढं ऐकू येतं, मधलं व्यंजन बुडतं. एकाचं नाव बदला. स्वरच वेगळे असलेलं घ्या, म्हणजे व्यंजन गेलं तरी माणूस ओळखू येईल. आकड्यांचंही तसंच.

वास्को_वाट
मी जुन्या गोव्यात पर्यटकांना चर्च दाखवतो, मराठी गट असला की मराठीत सांगतो. से कॅथेड्रलसारख्या जागी मोठ्याने बोलण्यात काही अर्थ नाही, शिवाय तिथे लोक प्रार्थनेला बसलेले असतात. मी गटाला जवळ घेतो, दोन हातांवर, आणि हळू आवाजात बोलतो. दहा हातांवरच्या माणसासाठी ओरडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सन सांगायचा असेल तर मी आकडा आधी सांगतो, मग थांबतो, मग काय झालं ते सांगतो. "१५१०. / त्या वर्षी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला." उलट सांगितलं की शेवटचा आकडा विचारायला दर वेळी कोणीतरी हात वर करतो.

तुमच्या नाटकात महत्त्वाचे प्रवेश रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणता येतील का? खाली उतरून प्रेक्षकांत आणले तर आणखी बरं.

अबोली
@वास्को_वाट, सुरेख सुचवलंत. लिलावाचा प्रवेश पायऱ्यांवर उतरवते. गुणाजी प्रेक्षकांतूनच पुकारत येईल. आकडे आधी घेण्याचंही करते.

@तिसरी_घंटा, आप्पाचा विठू केला. आकड्यांत लिलाव "साठ हजार" वर सुटत होता. काल मागे बसून ऐकलं तर ते "सात हजार" वाटलं, आणि तिथे तर सगळं भांडणच त्या रकमेवर आहे. आता पंचावन्न हजार केलेत. एकाच वेळी बोलणाऱ्या माणसांचा मात्र मोठा प्रश्न आहे. लिलावाच्या प्रवेशात सहा गावकरी एकमेकांवर तुटून पडतात, त्यात मजा आहे.

तिसरी_घंटा
गोंगाट ठेवा, त्यातून अर्थ काढू नका. सहा जणांनी मिळून एकच शब्द ओरडू दे, "लुटलं!" किंवा तुम्हाला हवा तो. मग पूर्ण दीड-दोन सेकंद कोणीही बोलायचं नाही. इतक्या मोठ्या आवाजानंतर घुमारा उतरायला जास्त वेळ लागतो. मग एकटा माणूस, एक तुकडा. प्रेक्षकाला ती शांतता भांडणातल्या ताणासारखी वाटते, रिकामी वाटत नाही. ढोल वाजवत असाल तर त्याच्यानंतरही हेच करा. संवादाखाली पेटी किंवा तबला अजिबात नको.

मडगावकर_बाबू
सगळं वाचलं. मी विनोदी भूमिका करतो आणि मला हे अजिबात पटत नाही. विनोद म्हणजे वेग. "चहा घेणार?" "नको." "नको कशाला?" "कडू आहे." हे एका श्वासात गेलं तर हशा. एकेक सेकंद थांबलात तर प्रेतयात्रा. घुमणाऱ्या सभागृहासाठी गंभीर प्रवेश बदलाल, विनोदी प्रवेशाचं काय करणार?

तिसरी_घंटा
बाबू, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या उदाहरणातली वाक्यं मुळातच दोन शब्दांची आहेत, ती पुष्कळशी कळतील. फसतं ते लांब प्रश्न आणि त्यावर झटकन उत्तर. मी पाहिलेला एक उपाय असा, की प्रश्न सावकाश टाकायचा आणि उत्तर एका शब्दावर आणायचं. तेवढा एक शब्द स्वच्छ पडला की हशा येतो. पण बरोबरीने चेंडू मारल्यासारखे संवाद असतील, तर ते या जागेत मरतात, हे मी अनेकदा ऐकलंय.

जुना_नट
बाबू, हशाही घुमतो हे लक्षात ठेव. हसू उतरू दे, मग पुढचं वाक्य टाक. मोकळ्या मंडपात जेवढं थांबायचो, त्याच्या दुप्पट.

शेणगाव_शिक्षिका
एक विचारू का? तालमीत कळलं की नाही हे ठरवायचं कसं? नटांना सगळं पाठ, दिग्दर्शकाला पाठ. आमच्या शाळेत नाटक बसवताना मला वाटतं सगळं स्पष्ट आहे आणि पालक म्हणतात काही कळलं नाही.

तिसरी_घंटा
ज्याने संहिता वाचलेली नाही अशा माणसाला शेवटच्या रांगेत वही घेऊन बसवा. कळलं का असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहायला सांगा. आणि तोच माणूस दोनदा नको, दुसऱ्यांदा त्यालाही पाठ होतं.

अबोली
तसंच केलं. काल रात्री माझी भाची, बारावीतली, शेवटच्या रांगेत वही घेऊन बसली. नाटकाबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. दोन ओळींत किती शब्द पोचतात ते मोजायचं म्हणून आधी आबाचं जुनं वाक्य म्हणायला लावलं. नव्याचा तिला अंदाज येऊ नये म्हणून मध्ये दुसरे दोन प्रवेश घेतले, मग नवं.

जुन्या वाक्यातले एकतीसपैकी तेरा शब्द वहीत आले. "लिलाव" च्या जागी तिने "निभाव" लिहिलं होतं. आणि शेवट होता "पण मी विसरलेलो". अर्थ बरोबर उलटा झाला. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. कला मंदिरात टाळी घेतलेलं वाक्य, आणि इथे आबा म्हणतो की तोच विसरला.

नव्या वाक्यात नानांचा साचा घेतला होता. फक्त "बांधत" च्या जागी "बांध" लिहिलं, बाकी सगळं आलं. "नाही" दोन्ही वेळा आला.

पण एक नवी अडचण आली. आबाचं काम करणारा रेघ दिसली की जिथल्या तिथे गोठतो. थांबणं वेगळं आणि थबकणं वेगळं, हे त्याला कसं सांगू?

जुना_नट
थांबण्याला काम द्या. पहिल्या थांब्यात त्याला गावकऱ्यांकडे पाहू दे, दुसऱ्यात लिलावाच्या पाटीकडे, तिसऱ्यात स्वतःच्या हातांकडे. मग रेघ त्याला दिसणारच नाही. आणि तुकड्याच्या शेवटी सूर खाली टाकू नये, नाहीतर प्रत्येक रेघेवर वाक्य संपल्यासारखं वाटतं. सूर धरून ठेवायचा, फक्त शेवटच्या "विसरलो" ला खाली यायचं.

अबोली
हातांकडे पाहण्याचं ऐकून अंगावर काटा आला. माती वाहणारे हात मी संहितेतून काढले होते, ते आता न बोलता परत आले. करते.

अजून एक हिशोब. थांबे धरून पूर्ण तालमीचा वेळ दोन तासांवरून दोन तास पस्तीस मिनिटं झाला. @पेडणेचा_वारा, तुमची सूचना मी झिडकारली होती, पण आता दुसऱ्या अंकातला पत्राचा प्रवेश काढावाच लागणार आहे. त्यातली माहिती विठूच्या दोन तुकड्यांत बसते.

पेडणेचा_वारा
बरं झालं. पत्र वाचून दाखवण्याचे प्रवेश घुमणाऱ्या जागी कधीच चालत नाहीत, नट खाली बघून वाचतो.

तिसरी_घंटा
ताई, थांबे पक्के करण्याआधी एक धोक्याची सूचना. तुम्ही रिकाम्या सभागृहात मोजताय. जत्रेला तिथे तीनशे माणसं बसतील. आवाज शोषण्याच्या दृष्टीने एक बसलेला माणूस म्हणजे साधारण अर्ध्या चौरस मीटरची उघडी खिडकी. तीनशे माणसांनी घुमारा तीन सेकंदांवरून दीडपर्यंत उतरू शकतो. दीड सेकंदाला आत्ताचे थांबे लांबट वाटतील. तालमीत मागच्या भिंतीला आणि खुर्च्यांवर गोधड्या, सतरंज्या, जाड पडदे टाका. पडदा भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे आणि चुण्या पाडून टांगा. मग निम्म्या थांब्यांनी पुन्हा म्हणून पाहा. नटांना दोन्ही चाली येऊ देत.

दुसरीकडे जत्रेत पोरं धावतात, पंखे फिरतात, बाहेर खाज्याच्या दुकानांचा गलका असतो. घुमारा कमी झाला तरी हा आवाज आहेच. म्हणून वाक्यांचे तुकडे लहानच ठेवा, थांबे तेवढे आखूड करा.

रंगपट
भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर? स्वस्तात होतं.

तिसरी_घंटा
त्याने फारसा फरक पडत नाही, खर्जाला तर अजिबात नाही. वर कागद लवकर पेटतो, जत्रेत समया असतात. नकोच.

अबोली
मंडळी, काल प्रयोग झाला. घरी पोचेपर्यंत पहाट झाली, तरी झोप लागेना म्हणून लिहिते.

सभागृह भरलं होतं, दारात माणसं उभी होती. मध्यावरच्या खांबांना दोन छोटे स्पीकर लावले, खर्ज कापला. पहिली दहा मिनिटं नटांनी रिकाम्या सभागृहाचेच थांबे घेतले आणि मला पुढच्या रांगांत चुळबूळ दिसली. विंगेतून खूण केली, शेवंतीने चाल पकडली, मग सगळ्यांनी. गुणाजी पायऱ्यांवरून "पंचावन्न हजार!" म्हणत उतरला तेव्हा मागून एक आजोबा "खूप झाले!" असं ओरडले. म्हणजे आकडा पोचला.

आबाच्या तिसऱ्या थांब्यात त्याने हात वर केले, पाहिले, आणि सभागृहात पंख्यांखेरीज आवाज नव्हता. "नाही!" शेवटच्या रांगेत पोचला. मी स्वतः तिथे जाऊन उभी होते.

पण बाबूचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या अंकातला दोन बायकांचा पाणवठ्यावरचा विनोदी प्रवेश पुढच्या पाच-सहा रांगांत हशा घेत होता आणि मागे शांतता. तिसरी_घंटांनी सांगितल्याप्रमाणे उत्तरं एका शब्दावर आणली होती, तरी प्रश्नच मागे पोचत नव्हते.

मडगावकर_बाबू
ते प्रश्न इथे टाकाल का? किती शब्दांचे आहेत बघूया.

अबोली
पहिलाच घ्या: "अगो, तुझ्या घोवाने लिलावात बोली लावली की नुसतीच मान हलवली?" उत्तर: "मान."

मडगावकर_बाबू
यात हशा "मान" वर आहे, आणि "मान" प्रश्नातच बोलून झालंय, तेही घाईघाईत. प्रश्न दोन बायकांत वाटा. पहिली: "तुझ्या घोवाने बोली लावली?" दुसरी गप्प. पहिली: "की मान हलवली?" दुसरी नुसती मान हलवते. शब्दच नको. मागच्याला दिसेल.

जुना_नट
दिसेल, पण मान हलवताना तिचा चेहरा उजेडात हवा. त्या प्रवेशाला पाणवठा म्हणून निळा अंधार केला असणार.

अबोली
केला होता. पुढचा प्रयोग महिन्याभराने साखळीच्या रवींद्र भवनात आहे, तिथे घुमारा नाही. तिथे आबाचं कोणतं वाक्य ठेवावं यावर आमच्या मंडळीत कालपासून दोन तट पडले आहेत. आबाचं काम करणारा म्हणतो, हात पाहायचा थांबा मी आता सोडणार नाही.